भरतीच्या अटी आणि सात उमेदवार : पात्रतेचे प्रश्न बिनचूक कसे सोडवावेत

बँका आणि विमा कंपन्यांच्या अधिकारीपदाच्या परीक्षांमध्ये, बुद्धिमत्ता चाचणीच्या भागात एक ओळखीचा संच येतो. आधी एखाद्या पदाच्या भरतीच्या अटी छापलेल्या असतात, त्यांच्याखाली एक-दोन अपवाद असतात आणि मग एकेका उमेदवाराची माहिती देऊन विचारलेले असते की याचे काय करायचे. निवड करायची, नाकारायचे, वरिष्ठांकडे पाठवायचे, की माहितीच अपुरी आहे? राज्यसेवेच्या पूर्व परीक्षेत निर्णयक्षमतेचे जे प्रसंग येतात त्यांच्याशी याची गल्लत करू नका. तिथे तारतम्य तपासतात. इथे तुमचे तारतम्य कोणालाच नको आहे, छापलेली अट पाळली गेली की नाही एवढेच पाहायचे आहे.

हे प्रश्न अवघड नसतात, तरी मुलांचे गुण इथे हमखास जातात. सहा अटी डोक्यात धरून उमेदवाराचा परिच्छेद वाचायला गेले की चौथ्या ओळीपर्यंत दुसरी अट निसटते, पुन्हा वर पाहावे लागते आणि या वर-खाली करण्यात वेळही जातो आणि लक्षही. दुसरी अडचण यापेक्षा खोल आहे. ‘नाकारणे’ आणि ‘माहिती अपुरी’ या दोन पर्यायांतली सीमा बऱ्याच जणांना नेमकी माहीत नसते. माझ्या मते या प्रकारातले निम्म्याहून अधिक चुकीचे पर्याय याच सीमेवर निवडले जातात. म्हणून एक संपूर्ण संच घेऊन बसू या.

जाहिरात

एका वित्तसंस्थेला सहायक व्यवस्थापक नेमायचे आहेत. सर्व अटी १ जुलै २०२४ या तारखेनुसार तपासायच्या आहेत. उमेदवाराने पुढील अटी पूर्ण केल्या पाहिजेत :

१. वय २१ वर्षांपेक्षा कमी आणि ३० वर्षांपेक्षा जास्त नसावे.
२. पदवी परीक्षेत किमान ६० टक्के गुण असावेत.
३. पदवी मिळाल्यानंतर बँकेत किंवा वित्तसंस्थेत काम केल्याचा किमान २ वर्षांचा अनुभव असावा.
४. लेखी परीक्षेत किमान ५० टक्के गुण असावेत.
५. मुलाखतीत किमान ४५ टक्के गुण असावेत.
६. दोन वर्षे नोकरी न सोडण्याचा बाँड लिहून देण्याची तयारी असावी.

परंतु जो उमेदवार,

(अ) अट २ सोडून बाकी सर्व अटी पूर्ण करतो, पण ज्याला पदवीला किमान ५५ टक्के आणि पदव्युत्तर परीक्षेत किमान ६० टक्के गुण आहेत, त्याचे प्रकरण उपमहाव्यवस्थापकांकडे पाठवावे.
(ब) अट ३ सोडून बाकी सर्व अटी पूर्ण करतो, पण ज्याला पदवीनंतर किमान १ वर्षाचा तसा अनुभव आहे आणि लेखी परीक्षेत ६५ टक्क्यांपेक्षा जास्त गुण आहेत, त्याचे प्रकरण महाव्यवस्थापकांकडे पाठवावे.

प्रत्येक उमेदवारापुढे पाच पर्याय आहेत : निवड करावी, निवड करू नये, माहिती अपुरी, उपमहाव्यवस्थापकांकडे पाठवावे, महाव्यवस्थापकांकडे पाठवावे. दिलेल्या माहितीखेरीज काहीही गृहीत धरू नये अशी सूचना छापलेली असते आणि ती शब्दशः पाळायची असते.

पहिले काम : जाहिरात एकदाच वाचा आणि तारखांमध्ये बदला

उमेदवारांकडे वळण्याआधी एक-दीड मिनिट जाहिरातीला द्या. सुरुवातीला हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो, पण पाच प्रश्नांच्या संचात तो दुसऱ्या उमेदवारापर्यंत वसूल होतो.

वयाची अट जशी छापली आहे तशी ठेवली तर प्रत्येक उमेदवाराची जन्मतारीख १ जुलै २०२४ मधून वजा करत बसावे लागते. त्यापेक्षा ती एकदाच जन्मतारखेत बदलून घ्या. ३० पेक्षा जास्त नको, म्हणजे जन्म १ जुलै १९९४ च्या आधीचा नको. २१ पेक्षा कमी नको, म्हणजे जन्म १ जुलै २००३ नंतरचा नको. कच्च्या कागदावर ‘१-७-९४ ते १-७-०३’ एवढेच लिहा. आता वजाबाकी संपली. उमेदवाराची जन्मतारीख या दोहोंच्या मध्ये बसते का, हे नजरेनेच कळते.

अनुभवाचेही तसेच. किमान २ वर्षे हवीत, म्हणजे पदवी आणि नोकरी यांपैकी जी गोष्ट नंतर घडली ती १ जुलै २०२२ ला किंवा त्याआधी घडलेली हवी. अपवाद (ब) साठी हीच तारीख १ जुलै २०२३ होते. हे दोन्ही आकडे वयाच्या पट्ट्याखाली लिहून ठेवा.

टोकाच्या तारखेबद्दल थोडे थांबायला हवे. १ जुलै १९९४ ला जन्मलेला माणूस १ जुलै २०२४ ला बरोबर ३० वर्षांचा होतो. अट ‘३० पेक्षा जास्त नसावे’ अशी आहे आणि तो ३० पेक्षा जास्त नाही, म्हणून इथे तो पात्र. पण खऱ्या जाहिराती प्रत्येक वेळी असे वागत नाहीत. आयबीपीएसच्या २०२४ च्या पीओ भरतीत वयोमर्यादा १ ऑगस्ट २०२४ रोजी २० ते ३० वर्षे होती आणि पुढे स्पष्ट लिहिले होते की जन्म २ ऑगस्ट १९९४ च्या आधी आणि १ ऑगस्ट २००४ नंतर झालेला नसावा. म्हणजे १ ऑगस्ट १९९४ चा उमेदवार तिथे बाहेर. स्वतः अर्ज भरताना जाहिरातीतल्या तारखाच प्रमाण मानायच्या. प्रश्नपत्रिकेत तारखा दिलेल्या नसतात, तेव्हा वाक्याचा जो अर्थ होतो तो प्रमाण.

आता मर्यादा दाखवणारे शब्द. ‘किमान ६० टक्के’ यात ६० बसतात. ‘६५ टक्क्यांपेक्षा जास्त’ यात ६५ बसत नाहीत. आमच्या जाहिरातीत मुद्दाम दोन्ही प्रकार ठेवले आहेत, कारण खऱ्या प्रश्नपत्रिकेतही अपवादाचा शब्द मूळ अटीपेक्षा हळूच वेगळा असतो. कच्च्या कागदावर ‘किमान’साठी आकड्यापुढे अधिकचे चिन्ह आणि ‘पेक्षा जास्त’साठी आकड्याखाली रेघ, अशी काहीतरी खूण ठरवून टाका. खूण कोणती हे महत्त्वाचे नाही, ती प्रत्येक वेळी तीच असावी.

‘पदवीनंतर’ हा शब्दही असाच ठळक करून ठेवा. त्याच्याकडे आपण परत येणार आहोत.

दुसरे काम : रकाने

कागदावर सहा उभे रकाने आखा, अटींच्या क्रमानेच. रकाना २ च्या खाली छोटे (अ) लिहा आणि रकाना ३ च्या खाली छोटे (ब), म्हणजे कुठल्या अटीला पळवाट आहे ते दिसत राहते. ज्या रकान्याखाली काही नाही, त्या अटीत नापास म्हणजे खेळ खल्लास. आमच्या जाहिरातीत १, ४, ५ आणि ६ या अशा बिनअपवादाच्या अटी आहेत.

उमेदवाराची माहिती कधीच अटींच्या क्रमाने दिलेली नसते. आधी मुलाखतीचे गुण, मग बाँड, मग जन्मतारीख, असे मुद्दाम विस्कटलेले असते. म्हणून परिच्छेद वाचताना अटी शोधू नका. एकेक वाक्य वाचा, ते ज्या रकान्याचे असेल तिथे खूण करा आणि पुढे जा. अट पूर्ण असेल तर ✓, मोडली असेल तर ✗. परिच्छेद संपल्यावर जो रकाना रिकामा राहील तिथे प्रश्नचिन्ह. ज्या वाक्याला कुठलाच रकाना नाही, उदाहरणार्थ संगणकाचा कोर्स, वडिलांची नोकरी किंवा राज्य पातळीवरचे कबड्डीचे बक्षीस, ते सोडून द्या. त्याचा निकालाशी संबंध नाही, तो केवळ लक्ष वळवायला टाकलेला मजकूर आहे.

तिसरे काम : खुणांवरून निकाल

खुणा झाल्या की निकाल ठराविक क्रमाने द्यायचा असतो. या लेखातून एकच गोष्ट घ्यायची झाली तर हा क्रम घ्या.

सर्वांत आधी फुल्या पाहा. बिनअपवादाच्या अटीवर एकही फुली असेल तर उमेदवार नाकारला. बाकी रकान्यांत प्रश्नचिन्हे असोत वा नसोत. त्या रिकाम्या जागी काहीही भरले तरी निकाल बदलत नाही, म्हणून माहिती अपुरी म्हणता येत नाही. दोन अटींवर फुल्या असतील तरी उमेदवार नाकारला, त्या दोन्ही अटींना अपवाद असले तरीही. (अ) मध्ये काय छापले आहे ते पुन्हा वाचा : ‘अट २ सोडून बाकी सर्व अटी पूर्ण करतो’. ज्याची अट ३ सुद्धा मोडली, त्याने बाकी सर्व अटी पूर्ण केलेल्या नाहीत. दोन अपवादांची बेरीज होत नाही.

एकच फुली असेल आणि ती अपवाद असलेल्या अटीवर असेल, तर अपवादाचे सगळे भाग तपासा. ते पूर्ण होत असतील आणि बाकी रकान्यांत ✓ असतील तर प्रकरण वर पाठवायचे. अपवादाचा एक जरी भाग स्पष्टपणे मोडला तर नकार.

फुली नाहीच, पण कुठेतरी प्रश्नचिन्ह आहे, तेव्हा माहिती अपुरी. आणि सगळीकडे ✓ असतील तेव्हाच निवड.

एक मधला प्रकार उरतो. एक फुली आहे, तिचा अपवाद पूर्ण होतो, पण दुसऱ्या एखाद्या रकान्यात प्रश्नचिन्ह आहे. इथे ते प्रश्नचिन्ह ✓ निघाले तर प्रकरण वर जाईल आणि ✗ निघाले तर नकार येईल. दोन वेगळे निकाल शक्य आहेत, म्हणून माहिती अपुरी. खरे तर ‘माहिती अपुरी’ची कसोटी नेमकी हीच आहे : रिकाम्या जागी आधी चांगले उत्तर भरा, मग वाईट भरा, दोन्ही वेळा निकाल एकच येत असेल तर माहिती पुरेशी आहे. शंका आली की या कसोटीकडे या.

आता उमेदवार

*वैशाली.* जून २०१७ मध्ये ६४ टक्के गुणांनी वाणिज्य शाखेची पदवी. जून २०१९ पासून एका सहकारी बँकेत नोकरी. जन्म १४ ऑगस्ट १९९५. लेखी परीक्षेत ५८ टक्के, मुलाखतीत ५२ टक्के. संगणकाची पदविकाही आहे. बाँड लिहून द्यायला तयार आहे.

जन्मतारीख पट्ट्यात बसते, ६४ टक्के पुरेसे, पदवी आणि नोकरी यांपैकी नंतरची तारीख जून २०१९, म्हणजे १ जुलै २०२२ च्या कितीतरी आधी. सहाही रकान्यांत ✓. पदविकेला रकानाच नाही. निवड करावी.

*प्रदीप.* मुलाखतीत ८० पैकी ३६ गुण. जन्म ५ फेब्रुवारी १९९८. मे २०१९ मध्ये पदवी, ८०० पैकी ४५६ गुण. पदव्युत्तर परीक्षेत ६३ टक्के. ऑगस्ट २०२१ पासून वित्तसंस्थेत नोकरी. लेखी परीक्षेत ५१ टक्के. बाँडला तयार.

इथे टक्के काढावे लागतात, आणि घाईत लोक ३६ हा आकडा पाहूनच फुली मारतात. ८० चे ४५ टक्के म्हणजे बरोबर ३६, अट ‘किमान’ची आहे, म्हणून ✓. पदवीत ८०० चे ६० टक्के ४८० होतात. ४५६ त्यापेक्षा कमी, म्हणून अट २ वर फुली. ४५६ म्हणजे ५७ टक्के. टक्के काढण्यापेक्षा अशा वेळी मर्यादेचे गुण काढणे सोपे पडते : ८०० चे ५५ टक्के ४४०, आणि ४५६ त्याच्या वर. पदव्युत्तर ६३ ही पुरेसे. अपवाद (अ) चे दोन्ही भाग पूर्ण, बाकी पाच रकान्यांत ✓. उपमहाव्यवस्थापकांकडे पाठवावे.

*समीना.* जन्म १ जुलै १९९४. २०१५ मध्ये ७१ टक्के गुणांनी पदवी, २०१६ पासून खासगी बँकेत. लेखी परीक्षेत ६६ टक्के, मुलाखतीत ६० टक्के.

वय बरोबर ३०, म्हणून ✓. गुण भरपूर, अनुभव भरपूर. पण बाँडचा शब्दही नाही. एवढी चांगली उमेदवार, ती बाँड का नाकारेल, असा विचार मनात येतो आणि हात ‘निवड’कडे जातो. तो विचार आपला आहे, कागदावरचा नाही. कसोटी लावा : तयार असेल तर निवड, नसेल तर नकार. माहिती अपुरी.

*गणेश.* जन्म २३ मे १९९४. २०१६ मध्ये ६८ टक्क्यांनी पदवी, २०१८ पासून बँकेत नोकरी, लेखी परीक्षेत ७२ टक्के, मुलाखतीत ६४ टक्के.

समीनासारखेच दिसते, बाँडचा उल्लेख इथेही नाही. पण जन्म १ जुलै १९९४ च्या आधीचा आहे आणि वयाच्या अटीला अपवाद नाही. बाँडला हो म्हणाला तरी नकार, नाही म्हणाला तरी नकार. निवड करू नये. प्रश्न काढणारे समीना आणि गणेश अशी जोडी मुद्दाम जवळजवळ ठेवतात. ज्याने प्रश्नचिन्ह आधी पाहिले तो दोघांनाही ‘माहिती अपुरी’ लिहितो आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो तो वेगळाच.

*माधुरी.* २०१७ पासून बँकेत लिपिक. नोकरी करता करता मे २०२३ च्या अखेरीस ६१ टक्के गुणांनी पदवी मिळवली. जन्म ९ नोव्हेंबर १९९६. लेखी परीक्षेत ७० टक्के, मुलाखतीत ४८ टक्के, बाँडला तयार.

सात वर्षांचा अनुभव आहे, निवड करून टाका, असे वाटते. आता तो ठळक केलेला शब्द पाहा. अनुभव ‘पदवी मिळाल्यानंतर’ हवा. पदवी आणि नोकरी यांपैकी नंतरची घटना मे २०२३ ची आहे, म्हणजे १ जुलै २०२२ नंतरची, म्हणून अट ३ वर फुली. मग (ब) : मे २०२३ ही १ जुलै २०२३ च्या आधीची आहे, त्यामुळे एक वर्ष पूर्ण झाले, आणि ७० हे ६५ पेक्षा जास्त आहेत. बाकी सारे ✓. महाव्यवस्थापकांकडे पाठवावे. माझ्या पाहण्यात या संचातला सर्वांत जास्त चुकणारा उमेदवार हाच, कारण एकूण वर्षे मोजायची सवय लागलेली असते. तिचे लेखीचे गुण नेमके ६५ असते तर अपवाद मोडला असता आणि निकाल नकाराचा झाला असता.

*रोहन.* जन्म १९ जानेवारी १९९९. जून २०२१ मध्ये ५६ टक्क्यांनी पदवी, पदव्युत्तर परीक्षेत ६२ टक्के. मार्च २०२३ पासून बँकेत नोकरी, पहिलीच. लेखी परीक्षेत ६८ टक्के, मुलाखतीत ५५ टक्के, बाँडला तयार.

अट २ मोडली, पण (अ) चे दोन्ही आकडे जुळतात. अट ३ मोडली, पण (ब) चेही दोन्ही भाग जुळतात. आता पाठवायचे कोणाकडे, या पेचात बरेच जण पडतात. कुणी महाव्यवस्थापक मोठे म्हणून त्यांच्याकडे पाठवतात. पाठवायचे कुणाकडेच नाही. (अ) लागू व्हायला अट ३ पूर्ण हवी, (ब) लागू व्हायला अट २ पूर्ण हवी, आणि दोन्ही मोडलेल्या आहेत. निवड करू नये.

*स्नेहल.* जन्म ३० डिसेंबर १९९७. मे २०१८ मध्ये ५८ टक्के गुणांनी पदवी. पदव्युत्तर परीक्षा प्रथम श्रेणीत उत्तीर्ण. एप्रिल २०२० पासून वित्तसंस्थेत. लेखी परीक्षेत ५४ टक्के, मुलाखतीत ५० टक्के, बाँडला तयार.

पदवीला फुली, पण ५८ हे ५५ च्या वर. पदव्युत्तरची टक्केवारी दिलेली नाही, फक्त ‘प्रथम श्रेणी’. पुष्कळ विद्यापीठांत प्रथम श्रेणी ६० टक्क्यांपासून सुरू होते हे आपल्याला ठाऊक असते, पण जाहिरातीत तसे छापलेले नाही. बाहेरची माहिती आणायची नाही, ही सूचना इथेच लागू होते. टक्केवारी ६० वा जास्त निघाली तर प्रकरण वर, कमी निघाली तर नकार. माहिती अपुरी.

स्नेहलच्या प्रकरणाला लागून एक खडबडीत जागा आहे. समजा पदव्युत्तर पदवीचा उल्लेखच नसता, तर? सरावाच्या पुस्तकांतल्या उत्तरसूच्या इथे एकमताने बोलत नाहीत. काही म्हणतात, अट मोडली आणि अपवाद सिद्ध झाला नाही, तेव्हा नकार. काही वरची कसोटी लावून माहिती अपुरी म्हणतात. ज्या संचात हे आले असेल त्यातल्या सूचना पुन्हा वाचा. बऱ्याचदा ‘अपवादाबाबत माहिती नसल्यास’ असे एखादे वाक्य तिथे असते. तसे काहीच नसेल तर मी हा प्रश्न शेवटी ठेवायला सांगतो. एका प्रश्नासाठी इतर चारांचा वेळ घालवण्यात अर्थ नाही.

सातही जणांच्या खुणा कागदावर अशा दिसतील :

| उमेदवार | १ वय | २ पदवी (अ) | ३ अनुभव (ब) | ४ लेखी | ५ मुलाखत | ६ बाँड | निकाल |
|---|---|---|---|---|---|---|---|
| वैशाली | ✓ | ✓ | ✓ | ✓ | ✓ | ✓ | निवड |
| प्रदीप | ✓ | ✗ अ✓ | ✓ | ✓ | ✓ | ✓ | उपमहाव्यवस्थापक |
| समीना | ✓ | ✓ | ✓ | ✓ | ✓ | ? | माहिती अपुरी |
| गणेश | ✗ | ✓ | ✓ | ✓ | ✓ | ? | नकार |
| माधुरी | ✓ | ✓ | ✗ ब✓ | ✓ | ✓ | ✓ | महाव्यवस्थापक |
| रोहन | ✓ | ✗ अ✓ | ✗ ब✓ | ✓ | ✓ | ✓ | नकार |
| स्नेहल | ✓ | ✗ अ? | ✓ | ✓ | ✓ | ✓ | माहिती अपुरी |

परीक्षेत एवढा नीटनेटका तक्ता काढायला वेळ नसतो आणि गरजही नसते. फुली आणि प्रश्नचिन्ह तेवढे काढले, ✓ च्या जागा रिकाम्या सोडल्या, असे करू नका मात्र. मग ‘पूर्ण’ आणि ‘अजून पाहिले नाही’ हे दोन्ही सारखेच दिसतात, आणि राहून गेलेला बाँड नेमका त्याच रिकाम्या जागेत लपतो. ✓ ऐवजी ठिपका चालेल, पण काहीतरी हवे.

बिनअपवादाच्या अटीवर फुली दिसली की परिच्छेद पुढे वाचायची गरज उरत नाही. गणेशच्या बाबतीत पहिल्याच वाक्यात निकाल लागला होता. ही सवय लावून घ्या, कारण संचात असा एखादा उमेदवार असतोच आणि त्याच्यावर वाचवलेला वेळ माधुरीसारखीवर खर्च करता येतो.

काही संचांत एकाच अटीत ‘किंवा’ असतो. आमच्या अट ३ मध्येही ‘बँकेत किंवा वित्तसंस्थेत’ आहे. अशा वेळी त्यातली एक बाजू जुळली की रकान्यात ✓. अपवादात मात्र बहुधा ‘आणि’ असतो आणि तिथे दोन्ही बाजू लागतात. (अ) मध्ये फक्त पदव्युत्तरचे ६० टक्के पाहून पदवीचे ५५ तपासायला विसरणे ही नेहमीची चूक आहे. पदवीला ५३ आणि पदव्युत्तरला ७४ असा उमेदवार त्यासाठीच टाकलेला असतो.

सरावासाठी नवे संच शोधण्याआधी हाच संच एक शब्द बदलून पुन्हा सोडवा. अटी तपासण्याची तारीख १ जुलै २०२४ ऐवजी १ मे २०२४ करा आणि कोणाचा निकाल बदलतो ते पाहा. वयाचा पट्टा आता १ मे १९९४ ते १ मे २००३ होतो, त्यामुळे २३ मे १९९४ चा गणेश आत येतो. पण बाँडचे प्रश्नचिन्ह तसेच आहे, म्हणून तो नकारातून ‘माहिती अपुरी’त जातो. माधुरीची पदवी मे २०२३ च्या अखेरची असल्याने १ मे २०२४ ला पदवीनंतरचा एक वर्षाचा अनुभव पूर्ण होत नाही, (ब) मोडतो आणि तिला नकार मिळतो. बाकी पाच जण जिथल्या तिथे राहतात.